बाण, गाव, अंतर: पाटीच्या फोटोवरून यादी कशी उतरवावी

प्रश्न: पुण्याबाहेर जाणाऱ्या रस्त्यांवरच्या पाट्यांचे फोटो काढले आहेत. बाणांच्या क्रमाने गावे आणि अंतरे वहीत उतरवतो आहे, पण काही ठिकाणी अंतर भलत्याच गावापुढे जाते आणि एका पाटीवर पंढरपूर दोनदा येते. नेमकी पद्धत काय असावी?

उत्तर:

मी गेली काही वर्षे हौसेने नकाशासाठी अशाच फोटोंवरून नोंदी करतो, त्यामुळे जी पद्धत वापरतो तीच सांगतो. पाटी ओळींनी वाचायची नाही आणि उभ्या रांगांनीही वाचायची नाही. ती बाणांच्या गटांनी वाचायची. एका बाणाच्या हद्दीत जेवढी गावे येतात तेवढा एक गट. आधी फोटोवर नुसते हे गट आखून घ्यावेत आणि त्यानंतरच एकेक गाव उतरवायला बसावे. बहुतेक घोटाळे गावे वाचताना होत नाहीत, गट न आखताच लिहायला सुरुवात केल्यामुळे होतात.

गट आखताना पाटीचा प्रकार पाहावा लागतो, कारण त्यावरच बाणांचा क्रम ठरतो. एकाखाली एक पट्टे असलेली पाटी सर्वांत सोपी असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ६७ या संहितेत अशा फलकांचे ढाचे दिलेले आहेत आणि सर्वसाधारणपणे सरळ जाणारी दिशा वर, तिच्याखाली डावी आणि तळाशी उजवी असते. प्रत्यक्षात हा क्रम पाळलेला नसेल तरी आपण तो सुधारू नये. वरून खाली जसा दिसतो तसाच घ्यावा. रस्त्यावरच्या आडव्या कमानीवर दोन-तीन फलक शेजारी शेजारी असतील, तर डावीकडून उजवीकडे एकेक फलक पूर्ण करत जावे. तिसरा प्रकार म्हणजे ज्यात चौकाचे किंवा गोल चौकाचे चित्रच काढलेले असते. तिथे वर-खाली या क्रमाला अर्थ उरत नाही. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो आणि गोल चौकाला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळसा घालतो, म्हणून पहिली वाट डावीकडची, मग समोरची, मग उजवीकडची. चित्राच्या तळापासून घड्याळाच्या दिशेने फिरले की हाच क्रम आपोआप मिळतो.

आता उदाहरण घेऊ. पुण्याहून निघून हडपसरच्या चौकाकडे जाताना लागेल अशी एक पाटी कल्पू. जागेवर अशीच पाटी आहे असे नाही आणि आकडे ठोकळ आहेत, पण दिशा खऱ्या आहेत: सरळ सोलापूर रस्ता, उजवीकडे दिवे घाटातून जाणारा सासवड रस्ता आणि डावीकडे मुंढवा. पट्ट्यांच्या पाटीवर सरळ आणि डावीकडचे बाण सहसा डाव्या कडेला असतात, पण उजवीकडचा बाण उजव्या कडेला, म्हणजे अंतराच्याही पलीकडे असतो. आपला गोंधळ बहुधा इथूनच सुरू होतो. बाण आधी आणि गाव नंतर अशी डोळ्यांना सवय झालेली असते. शेवटच्या गटात ती मोडते आणि उजव्या कडेचा बाण खालच्या किंवा वरच्या ओळीला चिकटवला जातो. म्हणून पाटीवर बाण कुठेही असो, वहीत तो नेहमी पहिल्या घरात लिहावा आणि गटातल्या प्रत्येक गावापुढे पुन्हा लिहावा. वरची पाटी मी अशी उतरवीन:

```
↑ | लोणी काळभोर | १०
↑ | पंढरपूर | २०२
↑ | सोलापूर | २४०
← | मुंढवा | -
→ | सासवड | २२
→ | जेजुरी | ३९
→ | पंढरपूर | १९८
```

मुंढव्यापुढची ती आडवी रेघ क्षुल्लक वाटेल, पण अंतर भलत्याच गावापुढे जाण्याचे मुख्य कारण तिचा अभाव हेच आहे. शहरातल्या जवळच्या भागांपुढे पाटीवर पुष्कळदा आकडा नसतो. आधी सगळी गावे आणि मग सगळे आकडे अशा दोन उभ्या रांगा करून कोणी लिहू लागला, तर मुंढव्याची रिकामी जागा दिसत नाही, सासवडचे २२ मुंढव्याला जातात, जेजुरीचे ३९ सासवडला जातात, आणि शेवटी एक गाव आकड्याविना उरते. शेवटचे गाव उघडे पडले की गफलत निदान लक्षात तरी येते. पण पाटीवरचा एखादा रस्त्याचा क्रमांक चुकून अंतरांच्या रांगेत शिरला, तर दोन्ही रांगा तंतोतंत जुळतात आणि सगळी यादी चुकीची असूनही नीटनेटकी दिसते. रस्त्याचा क्रमांक सहसा ढालीच्या आकारात किंवा वेगळ्या चौकटीत असतो. त्याला निराळे घर द्यावे आणि अंतराच्या घरात तो कधीही येऊ देऊ नये.

दुसरे कारण दोन लिप्यांचे आहे. आपल्याकडच्या पाट्यांवर गावाचे नाव देवनागरीत आणि त्याखाली रोमन लिपीत असते, तर आकडा एकदाच आणि दोन्ही ओळींच्या मधोमध असतो. फोटो तिरका किंवा खालून काढलेला असेल तर तो आकडा खालच्या ओळीच्या रेषेत आल्यासारखा वाटतो आणि पुढच्या गावाचा समजला जातो. अशा वेळी दोन्ही लिप्यांतल्या नावांची जोडी ही एकच नोंद धरावी आणि आकडा त्या जोडीला द्यावा.

पंढरपूर दोनदा येण्यात चूक काहीच नाही, आणि कृपा करून त्यातले एक खोडू नका. पालख्यांच्या वाटा इथेच फुटतात, हे आपल्याला ठाऊक असेलच. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी हडपसरहून उजवीकडे वळून दिवे घाट चढते आणि सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण अशी जाते. तुकाराम महाराजांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोर, यवत करत पुढे बारामती, इंदापूर, अकलूज अशी जाते. दोन्ही शेवटी पंढरपुरातच पोचतात. त्यामुळे एकच नाव दोन बाणांखाली, दोन वेगवेगळ्या अंतरांसह येणे अगदी स्वाभाविक आहे. यादी गावांच्या अकारविल्हे लावली किंवा ‘दुबार नावे काढा’ असे संगणकाला सांगितले, तर नेमकी हीच माहिती नष्ट होते आणि उरलेले एक अंतर कोणत्या वाटेचे हे कोणालाच सांगता येत नाही. नोंदीची ओळख गावावरून होत नाही, बाण आणि गाव मिळून होते.

उतरवलेले आकडे बरोबर आहेत की नाही हे तपासायला जागेवर परत जावे लागत नाही. एकाच बाणाखालच्या अंतरांची वजाबाकी पुरते. सासवड २२ आणि जेजुरी ३९, म्हणजे दोघांतले अंतर १७. त्याच रस्त्यावर चार किलोमीटर पुढच्या पाटीवर सासवड १८ आणि जेजुरी ३५ असेल, तरी वजाबाकी १७ च येते, कारण आपण कुठेही उभे असलो तरी त्या दोन गावांतला रस्ता तेवढाच राहतो. आता समजा, पहिल्या फोटोत रंग उडाल्यामुळे ३९ चे ३१ वाचले गेले. देवनागरी १ आणि ९ यांची अशी अदलाबदल फार होते, विशेषतः रात्री फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत, कारण फलकाचा पत्रा प्रकाश परत फेकतो आणि अंकाच्या कडा पसरतात. ३१ धरले तर वजाबाकी ९ येते, पुढच्या पाटीवर मात्र १७, आणि चूक कोणत्या अंकात आहे तेही कळते. एका किलोमीटरचा फरक मात्र चूक समजू नये. पाटीवरचे आकडे पूर्ण किलोमीटरमध्ये लिहिलेले असतात, त्यामुळे वजाबाकीत एकाने मागेपुढे होतेच. आणि ही वजाबाकी दोन वेगळ्या बाणांखालच्या गावांत करू नये. सोलापूर आणि सासवड यांच्या आकड्यांतला फरक हे कोणत्याच रस्त्याचे अंतर नव्हे.

बाणांबाबत एक गोष्ट सांभाळावी. कमानीवरच्या फलकात खाली वळलेला बाण असेल तर तो त्याच्याखालची मार्गिका दाखवतो, ‘मागे जा’ असे सांगत नाही. यादीत तो ↓ असाच लिहावा आणि शेजारी ‘मार्गिका’ अशी टीप द्यावी. त्याचा ↑ करून टाकला तर ही पाटी कमानीवरची होती हे पुढे कळत नाही. तिरपे बाणही ↖ किंवा ↗ असेच ठेवावेत, कारण उड्डाणपुलापाशी ‘किंचित डावीकडे’ आणि ‘डावीकडे’ या दोन स्वतंत्र वाटा असू शकतात. डावे-उजवे यांचे पूर्व-पश्चिम करण्याचा मोह मात्र टाळावा. त्याऐवजी प्रत्येक फोटोच्या वर आपण कुठून कुठे जात होतो एवढे लिहावे, उदाहरणार्थ ‘पुण्याहून हडपसरकडे’. ही ओळ नसेल तर बाणांचा सगळा क्रम निरर्थक ठरतो, कारण त्याच चौकात उलट दिशेने येणाऱ्याला सासवड डावीकडे असते.

नावे पाटीवर आहेत तशीच उतरवावीत. जुन्या पाटीवर ‘अहमदनगर’ असेल तर तेच लिहावे आणि ‘अहिल्यानगर’ शेराच्या घरात द्यावे. आकडा वाचताच येत नसेल तर प्रश्नचिन्ह लिहावे, नकाशावरून मोजलेले अंतर तिथे भरू नये. नकाशा ज्या वाटेने मोजतो तीच वाट पाटी लावणाऱ्याच्या मनात होती असे नसते, आणि एकदा भरलेला आकडा पाटीवरचा की आपला, हे पुढे ओळखता येत नाही.

ही यादी पुढे ओपनस्ट्रीटमॅपवर न्यायची असेल, तर तिथे `type=destination_sign` या प्रकारच्या संबंधात `destination` मध्ये गाव आणि `distance` मध्ये किलोमीटर लिहितात, आणि येण्याचा रस्ता `from` व जाण्याचा रस्ता `to` म्हणून जोडतात. वरच्या यादीतली एकेक ओळ म्हणजे तिथला एकेक संबंध, त्यामुळे दोन्ही पंढरपूर आपापल्या रस्त्याला जोडले जातात. तिथे बाण वेगळा लिहावा लागत नाही, कारण दिशा `to` मधल्या रस्त्यावरूनच कळते. पण कोणता रस्ता निवडायचा हे ठरवायला वहीतला बाणच लागतो.