लग्नसराईच्या तोंडावर सोनं का महागतं?

मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. दरवर्षी याच सुमारास सोनं का चढतं? आत्ता घ्यावं की थांबावं?

मूळ भाव आपल्या लग्नांवर फारसा ठरत नाही. तो जागतिक बाजार, डॉलरचा दर आणि आयात शुल्क यांवर ठरतो. दसरा-दिवाळीपासून मागणी वाढते, तेव्हा घाऊक व्यापारी त्यावर थोडा अधिभार लावतात आणि पेढ्या मजुरीत सूट द्यायला नाखूश होतात. म्हणून सराईतला खरा फटका बहुधा मजुरीत बसतो.

समजा, २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये आहे आणि २० ग्रॅमच्या पाटल्या हव्यात. सोनं २ लाखांचं. मजुरी १४ टक्के असेल तर ३ टक्के जीएसटी धरून बिल २,३४,८४० होतं. ९ टक्के असेल तर २,२४,५४०. म्हणजे घासाघीस करून वाचलेले १०,३०० रुपये भाव सुमारे ४.४ टक्के उतरल्यासारखेच, आणि भाव उतरेलच याची खात्री कोण देणार?

त्यामुळे खरेदी दोन-तीन टप्प्यांत करा. आगाऊ नोंदणी केलीत तर ‘नोंदणीच्या आणि घेण्याच्या दिवशीच्या भावांपैकी जो कमी तो’ ही अट पावतीवर लिहून घ्या. तोंडी शब्द सराईत टिकत नाही. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांचं आणि खड्यांचं वजन वगळूनच सोन्याचे पैसे लावलेत ना, तेही बघा. दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा क्रमांक, बीआयएस केअर ॲपवर दुकानातच तपासा.