ऋण संख्या आणि संख्यारेषेवरची चाल: सहावीसाठी यमकातल्या ओळी

प्रश्न: माझी मुलगी सहावीत आहे. ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी करताना संख्यारेषेवर कुठल्या बाजूला जायचं यात ती दरवेळी गोंधळते. पाठ होतील आणि उपयोगीही पडतील अशा यमक जुळलेल्या ओळी कोणी देईल का?

उत्तर:

मी सहावी-सातवीला गणित शिकवते आणि वर्गात पुढच्या ओळी वापरते. त्या माझ्याच आहेत, तुम्ही हव्या तशा वापरा. सुरुवातीच्या दोन जोड्या फक्त रेषेची ओळख करून देतात:

उजवे ते धन, डावे ते ऋण,
शून्य मधोमध चिन्हावाचुन.
उजवीकडची संख्या मोठी,
डावीकडची संख्या छोटी.

या आधी पक्क्या होऊ द्या. −8 आणि −3 यांतली मोठी कोणती असं विचारलं की बरीच मुलं −8 म्हणतात, कारण आठ हा आकडा तीनपेक्षा मोठा हे वर्षानुवर्षं डोक्यात बसलेलं असतं. रेषेवर बोट ठेवून −3 हा −8 च्या उजवीकडे आहे हे दिसलं की दुसऱ्या जोडीला अर्थ येतो. ते दिसायच्या आत चालण्याकडे वळू नका.

आता चालण्याच्या ओळी:

पहिल्या संख्येवर या आधी,
मधले चिन्ह, खूण ही साधी:
अधिक दिसे, उजवीकडे वळा,
वजा दिसे, डावीकडे वळा.
दुसरी धन, तर पुढे सरावे,
दुसरी ऋण, तर मागे यावे.
मागे येता तोंड न वळवा,
थांबाल तिथे उत्तर मिळवा.

या ओळींची सगळी मदार एका गोष्टीवर आहे. उदाहरणात दोन वेगळी चिन्हं असतात आणि दोघांची कामंही वेगळी असतात. मधलं चिन्ह तोंड कुठे करायचं ते सांगतं, तर दुसऱ्या संख्येचं स्वतःचं चिन्ह पुढे जायचं की पाठीमागे हटायचं ते सांगतं. मुलं दोन्ही चिन्हं एका दमात वाचतात, आणि गोंधळ तिथेच होतो. म्हणून उदाहरण मोठ्याने वाचायला लावा. क्रियेला ‘वजा’ आणि संख्येला ‘ऋण’ म्हणायचं, दोन्हीकडे ‘मायनस’ नको. (−3) − (−5) हे ‘ऋण तीन वजा ऋण पाच’ असं वाचलं की कवितेतली कुठली ओळ कुठे लागते ते कानालाच कळतं.

हेच उदाहरण चालून पाहू. घरात जमिनीवर खडूने रेषा आखा, −6 पासून +6 पर्यंत, खुणांमध्ये मुलीच्या एका पावलाएवढं अंतर ठेवा. ती −3 वर उभी राहील. मधे वजा आहे, म्हणून तोंड डावीकडे, −6 च्या दिशेला. दुसरी संख्या ऋण पाच, म्हणून तोंड तसंच ठेवून पाच पावलं मागे. ती −2, −1, 0, 1 असं करत 2 वर पोचते. उत्तर +2. ऋणातून ऋण वजा करताना आपण उजवीकडे का सरकतो, हे तिने पायाने अनुभवलेलं असेल.

लगेच शेजारी (−3) + (−2) घ्या. उभं −3 वरच, पण अधिक आहे म्हणून तोंड उजवीकडे. दुसरी संख्या ऋण म्हणून दोन पावलं मागे. उत्तर −5. ही जोडी मी मुद्दाम सांगते आहे. ‘उणे उणे अधिक’ एवढंच पाठ असलेली मुलं इथे +5 लिहून मोकळी होतात. तो मंत्र गुणाकाराचा आहे, बेरजेत तो चालत नाही. तुमच्या मुलीच्या उत्तरात आकडा बरोबर आणि चिन्ह चुकलेलं असं वारंवार दिसत असेल, तर ती बहुधा तोच मंत्र लावते आहे. तिला काही दिवस तो म्हणूच देऊ नका.

एक अडचण नक्की येईल. जमिनीवर वळून उभं राहिलं की स्वतःचा उजवा हात भलतीकडेच जातो, आणि मूल ‘उजवीकडे’ म्हणून त्या हाताकडे वळतं. कवितेतलं उजवं-डावं रेषेचं आहे, मुलीचं नाही. म्हणून रेषेच्या एका टोकाला मोठं + आणि दुसऱ्या टोकाला मोठं − लिहून कागद चिकटवा आणि सांगा की उजवीकडे म्हणजे या + च्या कागदाकडे. वहीत करताना खोडरबरावर पेनाने बाण काढायचा. बाणाचं टोक म्हणजे तोंड, मग तो खोडरबर रेषेवर पुढे-मागे सरकवता येतो.

दुसरी चूक ओळखायला सोपी आहे: उत्तर नेमकं एकाने चुकतं. वरच्या उदाहरणात +2 ऐवजी +1 आलं, तर तिने −3 वर उभी असतानाच ‘एक’ म्हटलंय. त्यासाठी ही वेगळी जोडी, गरज पडली तरच शिकवा:

निघतो ती जागा सोडावी,
उडी पहिली ‘एक’ मोजावी.

पद्यात नियम बांधणं आपल्याकडे जुनं आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. 628 मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम संस्कृत श्लोकांत दिले. शून्यातून ऋण वजा केलं की धन येतं, हा त्यातलाच एक. तोही चालून पाहता येतो: शून्यावर उभं राहा, डावीकडे तोंड, ऋण पाच म्हणून पाच पावलं मागे, पोचलात +5 वर. मुलांना हे उदाहरण फार आवडतं, कारण सुरुवातीला हातात काहीच नसतं.

चालणं किती दिवस ठेवायचं? ती स्वतःहून सांगेपर्यंत. 4 − (−2) आणि 4 + 2 ही दोन्ही उदाहरणं चालून एकाच जागी पोचता येतं, तसंच 4 + (−2) आणि 4 − 2 यांचंही होतं. अशा जोड्या शेजारीशेजारी देत राहिलं की एक दिवस ती म्हणेल, ‘वजा करण्याऐवजी उलट चिन्हाची संख्या मिळवली तरी तेच येतं.’ पुस्तकातला विरुद्ध संख्या मिळवण्याचा नियम हाच. तो तिच्या तोंडून आल्यावर मग कवितेची गरज दिशा तपासण्यापुरतीच उरते.

मोठ्या आकड्यांना पावलं मोजत बसू नये. (−47) − (−60) साठी कविता फक्त दिशा काढायला म्हणायची: तोंड डावीकडे, मागे हटणं, म्हणजे सरकणं उजवीकडे. मग शून्याला एक थांबा घ्यायचा. −47 पासून शून्यापर्यंत 47 गेले, 60 मधले 13 उरले, ते शून्याच्या पलीकडे. उत्तर +13. यासाठी आकडे लिहिलेली रेषाही लागत नाही. कोऱ्या रेघेवर −47, 0 आणि 13 एवढ्या तीन खुणा पुरतात.