गोलावर द्विघाती राशीची कमाल: 6 की 54?

प्रश्न: "Q = 3x² + 2y² + 4z² + 4xy + 4xz ची x² + y² + z² = 1 या गोलावरची कमाल किंमत काढायची आहे. सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू 6 आली. पण तिचा व्हेक्टर (2, 1, 2) Q मध्ये घातला तर 54 येतात. मग उत्तर कोणतं? आणि सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू म्हणजेच कमाल, असं का?"

उत्तर 6. तुमची आयगेनव्हॅल्यू बरोबर आहे आणि व्हेक्टरची दिशाही बरोबर आहे. फक्त (2, 1, 2) हा बिंदू त्या गोलावर नाही. त्याच्या लांबीचा वर्ग 4 + 1 + 4 = 9 आहे, म्हणजे तो केंद्रापासून 3 अंतरावर आहे. Q मधलं प्रत्येक पद दोन घातांचं असल्यामुळे व्हेक्टर तिप्पट केला की Q नऊपट होतो, आणि 54 भागिले 9 म्हणजे 6. व्हेक्टरला त्याच्या लांबीने भागून (2/3, 1/3, 2/3) घ्या आणि पुन्हा घालून बघा. उलट दिशेचा (−2/3, −1/3, −2/3) हा बिंदूही तितकीच किंमत देतो, तोही उत्तरात लिहा.

आता "का". लग्रांजच्या पद्धतीने गेलात तर अट Ax = λx अशी येते. इथे A म्हणजे

```
3  2  2
2  2  0
2  0  4
```

(4xy मधला 4 दोन जागी अर्धा-अर्धा वाटला जातो, म्हणून 2. ही अर्धी वाटणी विसरून थेट 4 लिहिण्याची चूक मला वह्यांमध्ये सर्वांत जास्त दिसते. ती ओळखायला एक साधा बिंदू पुरतो: (1, 1, 0) घातल्यावर Q 9 यायला हवा, चुकीच्या मॅट्रिक्सने 13 येतो.)

पण ही अट फक्त उमेदवार बिंदू देते. त्यांतला कमाल कोणता, हे ती सांगत नाही. ते कळायला A सममित आहे याचा उपयोग करावा लागतो. सममित मॅट्रिक्सचे आयगेनव्हेक्टर एकमेकांना लंब असे निवडता येतात. इथे आयगेनव्हॅल्यू 6, 3 आणि 0 आहेत, आणि त्यांचे एकक व्हेक्टर अनुक्रमे u = (2, 1, 2)/3, v = (1, 2, −2)/3 आणि w = (2, −2, −1)/3. कोणत्याही दोघांचा डॉट गुणाकार करून पाहा, शून्य येतो.

म्हणजे x, y, z हे अक्ष सोडून आपण u, v, w हे तीन अक्ष घेऊ शकतो. गोल फिरवला तरी गोलच राहतो. गोलावरचा कुठलाही बिंदू au + bv + cw असा लिहिला, तर a² + b² + c² = 1 राहतं आणि Q मधली xy, xz ही मिश्र पदं नाहीशी होऊन

`Q = 6a² + 3b² + 0·c²`

एवढंच उरतं. मला हा टप्पा फार आवडतो, कारण इथे कॅल्क्युलसची गरजच संपते. a², b², c² या तिन्ही संख्या ऋण नाहीत आणि त्यांची बेरीज 1 आहे. म्हणून Q ही 6, 3 आणि 0 यांची भारित सरासरी झाली, आणि सरासरी सर्वांत मोठ्या संख्येच्या वर जाऊ शकत नाही. 6 गाठायचे असतील तर सगळा भार a² वरच हवा, म्हणजे बिंदू u किंवा −u हवा. त्याच कारणाने किमान किंमत 0 आहे आणि ती w व −w वर मिळते.

मधल्या 3 चं काय? v वरही लग्रांजची अट पूर्ण होते, पण तिथून u कडे सरकलं की Q वाढतो आणि w कडे सरकलं की कमी होतो. तो खोगीरबिंदू आहे. मात्र "u ला लंब असलेल्या बिंदूंपैकी कमाल कोणता" असं कोणी विचारलं, तर a = 0 होतं आणि उत्तर 3 येतं.

हाताने केलेलं उत्तर पटतंय का हे पाहायला गोलावरचे एक-दोन सोपे बिंदू घालून बघत जा. (0, 0, 1) वर Q 4 आहे. (1, 1, 1) ला √3 ने भागून घातलं तर 17/3, म्हणजे सुमारे 5.67. दोन्ही 6 च्या आत आहेत. एखादा बिंदू 6 च्या वर गेला असता तर आयगेनव्हॅल्यू काढताना चूक झाली असं नक्की समजायचं.

हे सगळं Q मध्ये फक्त द्विघाती पदं असतील तेव्हाच चालतं. उद्या कोणी Q + 2x ची कमाल विचारली, तर अट Ax + (1, 0, 0) = λx अशी होते. ते आयगेनव्हॅल्यूचं समीकरण राहत नाही, आणि समोरासमोरच्या दोन बिंदूंवर सारखी किंमत येईलच असंही नाही. तिथे λ साठी वेगळं समीकरण मांडून ते सोडवावं लागतं.