जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅनमधून मजकूर काढायला सगळ्यात चांगलं ओसीआर कोणतं? जोडाक्षरांचा नुसता चोथा होतोय.

टेसरॅक्ट घ्या, फुकट आहे. पण चोथा त्यानं केला असेल असं मला वाटत नाही. स्कॅन कसा केलाय ते तुम्ही लिहिलंच नाही, आणि नेमक्या त्याच गोष्टीवरून मी एका वाचनालयाच्या समितीतून बाहेर पडले.

वाचनालयाकडे 1912 सालचं आख्यानांचं एक पुस्तक होतं. कार्यवाहांनी ते परस्पर एका दुकानात देऊन स्कॅन करून आणलं. 150 डीपीआय, शुद्ध काळं-पांढरं, का तर फाइल हलकी होते. वर डाग घालवायचा फिल्टरही मारलेला. ओसीआर केल्यावर पानोपानी 'मघ्ये', 'अघिक', 'माषा'. कार्यवाह म्हणाले, "मॅडम, दोष आपल्या लिपीचा आहे. इंग्रजीत सव्वीस अक्षरं, इथे जोडाक्षरांचं जंगल." माझे वडील छापखान्यात जुळारी होते, अक्षरांच्या खिळ्यांच्या केसपुढे उभं राहून त्यांची हयात गेली. मला ते वाक्य झोंबलं.

घ आणि ध शेजारी शेजारी लिहून बघा. घच्या डोक्यावर रेघ सलग असते, धच्या डोक्यावर डावीकडे ती तुटलेली असते. म आणि भ यांचंही तेच. छापील पुस्तकात ती फट साधारण पाव मिलिमीटरची. 150 डीपीआयला तिच्या वाट्याला दीड ठिपका येतो, 400 ला चार. त्यात शिशाचा खिळा झिजला की शाई फटीत पसरते, आणि काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये 'थोडं करडं' असं काही उरतच नाही. फट बुजली की धचा घ झालाच. उलटही होतं: घचा खिळा डोक्याला झिजलेला असला की रेघ तुटते आणि यंत्र ध वाचतं.

जोडाक्षरांची गत हीच. द्ध, द्व, द्य यांत दुसरं अक्षर दच्या पोटाखाली जेमतेम मिलिमीटरभर जागेत लोंबत असतं. तिथे शाई भरली की 'विद्वान'चा 'विद्धान' होतो. पूर्वीचे प्रोग्राम शिरोरेघ पुसून अक्षरं सुटी करायचे, त्यांना जुनं छपाईकाम अजिबात झेपायचं नाही, कारण खिळ्यांच्या जुळणीत रेघ प्रत्येक खिळ्यापाशी तुटते, एखादा खिळा वर तर एखादा खाली बसतो. टेसरॅक्टची चौथी आवृत्ती आल्यापासून ते अख्खी ओळ एकत्र वाचतं, त्यामुळे जोडाक्षर जोडलेलं आहे याची त्याला अडचण नाही. अडचण ही की ते संगणकाच्या स्वच्छ फॉन्टांवर शिकलंय. फुटका खिळा त्यानं कधी पाहिलेला नाही.

मी पुस्तक घरी आणलं आणि सपाट स्कॅनरवर 400 डीपीआय, करड्या छटांत, फिल्टर न लावता एक पान काढलं:

```
tesseract pan.png pan -l mar --psm 6
```

(सहा म्हणजे पानावर मजकुराचा एकच सलग ठोकळा आहे असं धरणं. दोन रकाने असतील तर हे नको.) साधारण 1,400 अक्षरांच्या त्या पानात दुकानाच्या स्कॅनवरून 112 चुका झाल्या होत्या, माझ्या स्कॅनवरून 31. पुस्तक तेच, सॉफ्टवेअर तेच, लिपीही तीच!

उरलेल्या 31 पैकी निम्म्याहून जास्त अनुस्वारांच्या. 1962 च्या नियमांआधीची पुस्तकं 'घरांत', 'त्यानें', 'कांहीं' अशी असतात आणि आजच्या मजकुरावर शिकलेलं यंत्र ते टिंब गाळतं. डागांचा फिल्टर तर आधीच खाऊन बसतो: 150 डीपीआयला अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार म्हणजे तीन ठिपके, फिल्टरला तो डागच. म्हणून जुन्या पुस्तकावर शुद्धलेखन तपासनीसही चालवू नका. तो 'त्यानें'चा 'त्याने' करील आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही.

तुमच्या फाइलमध्ये 'मघ्ये' आणि 'अघिक' शोधा. भराभर सापडले तर पुन्हा स्कॅन करा, सॉफ्टवेअर बदलत बसू नका. कार्यवाहांनी तीन सॉफ्टवेअरं बदलली.

शिळाछापाची पुस्तकं, पोथ्या आणि मोडी यांना यातलं काही लागू नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. आणि मूळ पुस्तक हाती नसेल, नुसता वाईट स्कॅनच असेल, तर सरळ बसून टाइप करा. 112 चुका शोधण्यापेक्षा ते लवकर होतं. कार्यवाहही शेवटी हेच म्हणाले होते, फक्त मूळ पुस्तक कपाटात असताना.