पंचेचाळीस हजारांची यादी आणि कोगनोळीचा नाका

प्रश्न: मी निपाणीची. संकेश्वरी मिरचीचा कांदा-लसूण मसाला घरी करून इन्स्टाग्रामवर विकते. 38 हजार फॉलोअर्स आहेत. महिन्याला 90 हजारांची विक्री होते, खर्च जाऊन 27 हजार सुटतात. गिऱ्हाईक बहुतेक कोल्हापूर, सांगली, पुण्याचं. दोन वर्षांच्या पार्सलांच्या वह्या आहेत. पैसे मिस्टरांच्या खात्यात येतात. गणपतीआधी पेज नऊ दिवस बंद पडलं, तेव्हापासून झोप उडालीय. एकजण 45 हजारांत सगळे फॉलोअर्स व्हॉट्सअ‍ॅपवर आणून देतो म्हणतो, वर एक लाख ‘चालू’ नंबरांची यादी आणि मेसेज पाठवायचं सॉफ्टवेअर. त्यासाठी एफडी मोडू का? आता पेज कधीही जाईल अशी धास्ती वाटते.

उत्तर: ताई, एफडी मोडू नका.

आधी नऊ दिवसांचा हिशेब करू. रोजची विक्री तीन हजार, म्हणजे 27 हजारांची विक्री बुडाली. त्यातला तुमचा नफा साधारण आठ हजार. आठ हजारांच्या जखमेवर 45 हजारांची मलमपट्टी! पेज असं पाच-सहा वेळा बंद पडलं तरच हा खर्च वसूल होईल, तोही मलम लागू पडलं तर.

आणि ते लागू पडणार नाही. फॉलोअरचा फोन नंबर किंवा ईमेल इन्स्टाग्राम तुम्हालाही देत नाही, मग त्या माणसाला कुठून देणार? फॉलोअरनं स्वतः लिंक दाबून नंबर दिला तरच तो तुमच्याकडे येतो. समजा तुमची स्टोरी दोन हजार जणांनी बघितली, त्यातल्या शंभरांनी लिंक दाबली आणि पन्नासांनी नंबर दिला. पुढच्या स्टोरीला बरेचसे तेच लोक असतात. दोन-तीन महिन्यांत तीनशे-चारशे नावं जमली तर चांगलं काम झालं म्हणायचं. 38 हजार हा आकडा विसरा.

एक लाख नंबरांचं तर विचारूच नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या अधिकृत मार्गानं जाहिरातीचा एक मेसेज पाठवायला, मधल्या कंपनीचा वाटा आणि कर धरून, रुपयाच्या आसपास जातो. लाख लोकांना एकदा मेसेज पाठवायचा तर लाख रुपये. हा माणूस सगळं 45 हजारांत बसवतोय, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर अधिकृत नसणार. अनोळखी लोकांना मेसेज गेले की ते ‘ब्लॉक’ आणि ‘रिपोर्ट’ दाबतात, आणि नंबर बंद होतो. तो नंबर तुमच्या ऑर्डरींचा. पेज वाचवायच्या नादात दुकानाचा दरवाजाच बंद व्हायचा.

शिवाय इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकाच कंपनीचे, मेटाचे. 4 ऑक्टोबर 2021 ला दोन्ही एकाच वेळी काही तास बंद होते. म्हणजे तुम्ही घर बदलत नाही, त्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत जाताय. व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलची गतही तीच, तिथंही फॉलोअरचा नंबर तुमच्या हाती येत नाही.

तुमची खरी यादी त्या वह्यांत आहे. महिन्याला दोनशेच्या आसपास ऑर्डरी धरल्या तर दोन वर्षांत 4,800 होतात. एकेकानं तीन-चार वेळा मागवलं असेल, तर माणसं बाराशे ते सोळाशे. यांनी पैसे मोजलेत, चव घेतलीय. घरात कुणाला तरी बसवून हे सगळं एका एक्सेल शीटमध्ये उतरवा. नाव, नंबर, पिनकोड, शेवटची ऑर्डर आणि ‘मेसेज पाठवलेला चालेल’ हे कोणत्या तारखेला म्हणाले. शेवटचा रकाना गाळू नका. मसाला मागवला म्हणजे जाहिरातीला होकार दिला असं होत नाही.

होकार मिळवायची जागा पार्सल. आत एक चिठ्ठी टाका: ‘नवीन मसाला कांडला की कळवू. हा नंबर सेव्ह करा आणि “हो” पाठवा.’ सेव्ह करा हे मुद्दाम सांगायचं, कारण व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या साध्या अ‍ॅपमध्ये एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. मेसेजची ‘इन्फो’ उघडली की किती जणांना पोचला ते दिसतं. अडीचशेतल्या शंभरांनाच पोचला असेल तर बाकीच्यांनी नंबर सेव्ह केलेला नाही. त्याच चिठ्ठीत ईमेलही मागा. थोडेच जण देतील, पण पुण्याचे नोकरदार देतात, आणि ईमेल कुणा एका कंपनीच्या मर्जीवर चालत नाही. पाठवणारी कंपनी बदलली तरी यादी उचलून दुसरीकडे नेता येते. त्यासाठी वर्षाला हजारेक रुपयांचं स्वतःचं डोमेन घ्या. ईमेल पाठवायच्या टूलमधून gmail.com च्या पत्त्यानं पाठवलेलं पत्र स्पॅममध्ये जायची भीती जास्त.

सहाशे जणांनी होकार दिला आणि महिन्यातून एका मेसेजवर दहातल्या एकानं मागवलं, तर साठ ऑर्डरी होतात. साडेचारशेच्या हिशेबानं 27 हजार. गणपतीआधी बुडाली तेवढीच विक्री. खर्च चिठ्ठ्या छापायचा.

आता जे तुम्ही विचारलं नाही त्यावर येतो, कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटते. ‘गिऱ्हाईक बहुतेक कोल्हापूर, सांगली, पुण्याचं’ असं तुम्ही सहज लिहून गेलात. जीएसटी नंबराचं पत्रात नावही नाही.

तुमची वर्षाची विक्री अकरा लाखांच्या आत आहे. हाच मसाला कर्नाटकातच, निपाणी, चिकोडी, बेळगावात विकला असता तर 40 लाखांपर्यंत नोंदणीची गरज नव्हती. पण कराला पात्र माल कोगनोळीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात विकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. आपल्याला कागल हे शेजारचं गाव वाटतं, पण कायद्यात तो आंतरराज्य व्यवहार आहे. मोठ्या ऑनलाइन बाजारातून दुसऱ्या राज्यात विकायला गेला असतात तर त्यांनी पहिल्याच दिवशी जीएसटी नंबर मागितला असता. स्वतःच्या यादीवर विकताना विचारणारं कुणी नाही, म्हणून चाललंय. नोंदणी न केल्याचा दंड 10 हजार किंवा बुडवलेला कर, यातला जो मोठा तो. शिवाय मागचा कर आणि व्याज. पिनकोडसकट व्यवस्थित यादी केलीत की कोणता डबा कुठं गेला त्याचा कागद तुम्हीच तयार केलेला असेल. यादी करू नका असं म्हणत नाही, पण नोंदणी तिच्याआधी करा.

मसाल्याला कर पाच टक्के. महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास, आणि मिरची, डबे बिल घेऊन आणले तर त्यावर भरलेला कर वजा. नोंदणीला सरकारी फी नाही. कुणी ‘कंपोझिशन स्कीम घ्या, सोपी आहे’ म्हणालं तर नको म्हणा, त्या योजनेत दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही. मागच्या दोन वर्षांचं काय करायचं ते सीएसमोर वह्या ठेवून ठरवा, इथं अंदाजानं सांगणार नाही. धंदा तुमचा आणि पैसे मिस्टरांच्या खात्यात, हा गोंधळही त्याच बैठकीत मिटवा. नोंदणी ज्याच्या नावावर, चालू खातं त्याच्याच नावावर हवं.

एफडी तशीच राहू दे. सीएची फी, आणि मागचा कर भरायचा निघालाच तर तो त्यातूनच द्यावा लागेल.

आणखी एक. ऑर्डरींच्या नंबराचं सिम कुणाच्या नावावर आहे ते लिहिलेलं नाही. पेज काढून देणाऱ्या कुणा पोराच्या नावावर असेल, तर चिठ्ठ्या छापायच्या आधी ते तुमच्या नावावर करून घ्या.