संगीताच्या संध्याकाळी तीन पिढ्यांचा एकच नाच

प्रश्न: नाशिकला ताईचे संगीत आहे. आजी-आजोबा, आई-बाबा, काका-मावश्या आणि आम्ही भावंडे, सगळ्यांनाच नाचायचे आहे. लोकनृत्याच्या ढंगाची कोणती गाणी घ्यावीत?

उत्तर: प्रत्येक पिढीला वेगळे गाणे देण्याऐवजी कोळीनृत्यापासून सुरू होऊन लेझमीवर संपणारा पाच मिनिटांचा एकच नाच बसवावा, असे मी सुचवेन.

कोळीगीत आधी घेण्याचे कारण त्याच्या ठेक्यात आहे. बहुतेक जुनी कोळीगीते सहा मात्रांच्या झुलत्या लयीत चालतात; पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर गेले, की शरीर आपोआप डोलते. वल्हे मारण्याची हालचाल खांदे आणि कंबर यांची असल्यामुळे ती खुर्चीत बसूनही पूर्ण दिसते. म्हणून आजी-आजोबांच्या खुर्च्या होडीसारख्या दोन ओळींत मांडाव्यात, आई-बाबांनी दोन्ही बाजूंना उभे राहून वल्ही ओढावीत आणि भावंडांनी पुढे जाळे फेकावे. शांता शेळके यांचे ‘मी डोलकर’ आजी-आजोबांना तोंडपाठ असते, त्यामुळे पावले चुकली तरी ती गातात आणि नाच तुटत नाही. मात्र गाणे मूळ स्वरूपातच घ्यावे. रिमिक्समध्ये पुष्कळदा चार मात्रांचा सरळ ठोका चढवलेला असतो आणि मग तो डोल नाहीसा होतो. टाळ्या वाजवत ‘एक-दोन-तीन, चार-पाच-सहा’ मोजून पाहिले, की हे लगेच कळते.

खरी अडचण कोळीगीतावरून लेझमीवर जाताना येते, कारण लेझमीचे हात चारच्या मोजणीत चालतात. दोन गाणी एकमेकांना थेट जोडली, तर भावंडे सावरून घेतात, पण मोठ्यांच्या टाळ्या विस्कळीत होतात. यासाठी मध्ये नुसती हलगी ठेवावी. सोळा ठोके होईपर्यंत मोठ्यांनी फक्त टाळ्या द्याव्यात आणि तेवढ्यात भावंडांनी लेझीम उचलावी. त्यानंतर सर्वांनी मिळून खुर्च्यांभोवती फेर धरावा. नाशिकचा ढोल आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा असला, तरी बंद सभागृहात आजोबांच्या कानाशी तो नको. गंगापूर रोडकडच्या एखाद्या उघड्या लॉन्सवर कार्यक्रम असेल, तर शेवटच्या फेरासाठी अवश्य आणावा.

फुगडी घ्यायची असल्यास ती मावश्या आणि भाच्यांनी अनवाणी घालावी, गुळगुळीत फरशीवर मोज्यांनी कधीही नाही. गोंधळाची गाणी निवडण्यापूर्वी मात्र आजीला विचारावे. सप्तशृंगी आपल्याकडे अनेक घरांची कुलस्वामिनी आहे, लग्नानंतर घरात देवीचा गोंधळ घालायचा असतो, आणि तेच पद आदल्या संध्याकाळी चपला घालून रंगमंचावर नाचलेले काही घरांत मनापासून खटकते.