शिक्षक दिनाच्या भाषणात एकच उदाहरण घ्या

भाषण आजन्म शिकणं आणि शिक्षकाची बदलती भूमिका यांवर असेल आणि चार मिनिटं मिळाली असतील, तर साधारण चारशे शब्दच लिहा. टाळ्या आणि थांबे धरून तेवढेच बसतात. ‘गुरुर्ब्रह्मा’ने सुरुवात करू नका. तुमच्या आधीच्या दोघांनी तो श्लोक म्हटलेला असतो आणि सभागृहाचं लक्ष तिथेच सुटतं. व्यासपीठावरच्यांची नावंही अर्ध्या मिनिटात आटपा.

या दोन विषयांचे दोन वेगळे भाग केलेत, तर भाषण दुभंगतं. दोन्ही सांधणारं एकच उदाहरण निवडा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी इथे चपखल बसतात. मुलांची घरची भाषा कन्नड, पुस्तकं मात्र वेगळ्या भाषेत. म्हणून गुरुजी आधी स्वतः कन्नड शिकले, मग पुस्तकांचं भाषांतर केलं आणि त्यात क्यूआर कोड घातले. कोड स्कॅन केला की धडा ऐकता, पाहता येतो.

बहुतेक वक्ते इथे चुकतात: ते गुरुजींना २०२० मध्ये मिळालेल्या ग्लोबल टीचर प्राइझ या जागतिक पुरस्कारापासून सुरू करतात. मग श्रोत्यांना पुरस्कार आठवतो, शिकणं नाही. आधी भाषेची अडचण सांगा, दोन सेकंद थांबा, मग ‘गुरुजी विद्यार्थी झाले’ हे वाक्य टाका. पुरस्कार एका ओळीत, शेवटी. त्यानंतर लगेच तुमच्याच शाळेतल्या एखाद्या बाईंनी यंदा नव्याने काय शिकून घेतलं ते सांगा, त्यांना आधी विचारून.